तुमचं सेशन संपलं आहे

डोंबिवलीतल्या एखाद्या गृहनिर्माण सोसायटीचे खजिनदार डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे पावणेनऊ वाजलेत. जिन्यातल्या दिव्यांचं आणि पाण्याच्या पंपाचं वीजबिल भरायची उद्या शेवटची तारीख आहे, म्हणून काका संगणकापुढे बसलेत. बँकेचं पान उघडलं, युजर आयडी टाकला आणि पासवर्ड डायरीत लिहून ठेवल्याचं आठवलं. (तो तसा लिहून ठेवू नये, हे त्यांनाही माहीत आहे.) डायरी शोधताशोधता वॉचमन टँकरची पावती घेऊन आला, त्याच्याशी चार शब्द झाले. परत येऊन काकांनी पासवर्ड आणि कॅप्चा भरला, बटण दाबलं आणि पडद्यावर उमटलं: `Your session has expired. Please login again.`

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या वेळी सगळं हाताशी होतं, पण बटण दाबल्यावर पान जागचं हलेना. काकांनी आणखी एकदा दाबलं. पुन्हा तोच निरोप. तिसऱ्या वेळी मात्र निरोप बदलला: `User already logged in.` आता काकांना घाम फुटला. सोसायटीच्या खात्यात आपल्या नावानं दुसराच कुणी शिरला की काय?

कुणीही शिरलेलं नव्हतं. आत ‘बसलेले’ होते ते काकाच, पण त्यांचे त्यांनाच दिसत नव्हते. हे कसं घडतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. कारण पहिल्या दोन वेळा पडद्यावर आलेले शब्द एकच असले, तरी त्यांमागची कारणं अगदी वेगळी होती.

वेबसाइट आणि ब्राउझर ज्या पद्धतीनं एकमेकांशी बोलतात, त्या पद्धतीला मुळात स्मरणशक्तीच नाही. ब्राउझर एक पान मागतो, सर्व्हर ते देतो, व्यवहार तिथे संपतो. पुढची मागणी त्याच माणसाकडून आली की भलत्याच कुणाकडून, हे सर्व्हरला कळत नाही. यावर 1994 साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोन्टुली यांनी तोडगा काढला, तो म्हणजे कुकी. पूर्वी बँकेत चेक दिला की कारकून पितळी टोकन हातावर ठेवायचा आणि रोखपालानं नंबर पुकारला की ते दाखवून पैसे घ्यायचे. कुकी म्हणजे तसलंच टोकन. सर्व्हर ब्राउझरच्या हाती एक लांबलचक, अंदाज बांधता येणार नाही असा क्रमांक देतो आणि ब्राउझर दर मागणीसोबत तो दाखवतो. या क्रमांकापुढे सर्व्हरच्या वहीत जी नोंद असते, ती म्हणजे सेशन. जावावर बांधलेल्या साइटवर या कुकीचं नाव बहुधा `JSESSIONID` असं दिसतं.

अनेकांना न कळणारी गोष्ट अशी, की हे सेशन लॉगिन झाल्यावर सुरू होत नाही. लॉगिनचं पान उघडतं तेव्हाच ते सुरू झालेलं असतं. त्या पानासोबत सर्व्हरनं आणखी काही गोष्टी पाठवलेल्या असतात. कॅप्चाचं चित्र असतं आणि त्याचं उत्तर सर्व्हरनं स्वतःकडे ठेवलेलं असतं. फॉर्ममध्ये डोळ्यांना न दिसणारा, एकदाच वापरता येणारा एक क्रमांक दडवलेला असतो. बऱ्याच बँकांच्या पानात पासवर्ड पाठवण्याआधी सांकेतिक करायची किल्लीही असते. हे सगळं त्या एका सेशनला बांधलेलं. सेशन गेलं की कॅप्चाचं उत्तर गेलं, क्रमांक बाद झाला आणि किल्लीही निकामी. ‘अजून मी आत गेलोच नाही, मग सेशन संपलं कसं?’ हा काकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर हे आहे.

आता पहिला निरोप. सर्व्हरच्या वहीत प्रत्येक सेशनपुढे शेवटची हालचाल कधी झाली, ती वेळ लिहिलेली असते. ठरावीक मिनिटं काहीच हालचाल झाली नाही, की नोंद खोडली जाते. रिझर्व्ह बँकेनं 18 फेब्रुवारी 2021 रोजी डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेबाबत जे निर्देश काढले, त्यांत इंटरनेट बँकिंगचं सेशन ठरावीक निष्क्रिय काळानंतर आपोआप बंद झालं पाहिजे, असं सांगितलं आहे. किती मिनिटांनी, ते बँकेवर सोडलं आहे. वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या मार्गदर्शनात जोखमीच्या साइटसाठी 2 ते 5 मिनिटं आणि कमी जोखमीच्या साइटसाठी 15 ते 30 मिनिटं असा प्रचलित पल्ला दिलेला आहे. बँक अर्थातच पहिल्या गटात मोडते. ऑफिसात किंवा सायबर कॅफेत कुणी खातं उघडं ठेवून उठून गेलं, तर पुढच्या माणसाला कमीत कमी वेळ मिळावा हा त्यामागचा हिशोब आहे आणि तो चूक म्हणता येणार नाही.

घोळ होतो तो ‘हालचाल’ कशाला म्हणायचं यावर. सर्व्हरला आपण दिसत नाही. आपण टाइप करतोय, माउस हलवतोय, खात्याचा क्रमांक पासबुकाशी ताडून बघतोय, यांतलं काहीच त्याला कळत नाही. ब्राउझरकडून मागणी पोचली तरच त्याच्या लेखी हालचाल. त्यामुळे नव्या लाभार्थीचं नाव, खातं, आयएफएससी कोड असा लांब फॉर्म कुणी सहा मिनिटं मन लावून भरत असेल आणि त्या पानाची घडाळी फक्त सर्व्हरकडेच असेल, तर बँकेच्या दृष्टीनं तो माणूस सहा मिनिटं झोपलेला असतो. काही बँका पानातूनच अधूनमधून ‘हा जागा आहे’ असा निरोप सर्व्हरला पाठवतात. काही तेवढे कष्ट घेत नाहीत.

पडद्यावर मिनिटं-सेकंद उलटे मोजणारं घड्याळ असतं, त्यावरही फार विसंबू नये. ते घड्याळ ब्राउझरमध्ये चालतं, खरा हिशोब सर्व्हरवर असतो. ओटीपी बघायला किंवा बिलाची पीडीएफ उघडायला आपण दुसऱ्या टॅबवर गेलो, की मागे राहिलेल्या टॅबमधली कामं ब्राउझर मुद्दाम संथ करतो. जानेवारी 2021 पासून क्रोम तर पाच मिनिटांहून जास्त काळ मागे राहिलेल्या टॅबमधली अशी घड्याळं बऱ्याचदा मिनिटाला एकदाच हलू देतो. लॅपटॉप मिटला तर ती थांबतातच. परत आल्यावर पडद्यावर दोन मिनिटं शिल्लक दिसतात आणि सर्व्हरनं नोंद केव्हाच खोडलेली असते. मोबाइलच्या ब्राउझरवर याहून वाईट प्रकार होतो. ओटीपी पाहायला मेसेजच्या ॲपमध्ये गेलं आणि फोनची मेमरी अपुरी असली, तर मागचं पानच काढून टाकलं जातं. परतल्यावर ते नव्यानं लोड होतं आणि भरलेलं सगळं पाण्यात जातं.

दुसरा निरोप जास्त मजेशीर आहे, कारण तिथे वेळ संपलेलीच नव्हती. पान उघडून मिनिटभरही झालं नव्हतं. काय झालं ते सावकाश पाहू.

काकांनी पहिल्यांदा बटण दाबलं, तेव्हा ब्राउझरनं आयडी, सांकेतिक पासवर्ड, कॅप्चा आणि तो दडवलेला क्रमांक सर्व्हरकडे रवाना केला. सर्व्हरनं क्रमांक तपासला, तो ‘वापरला’ म्हणून खूण केली, पासवर्ड बरोबर असल्याची खात्री केली. मग जुनं सेशन बाद करून नवा क्रमांक तयार केला. ही खबरदारी आवश्यक असते, कारण लॉगिनआधीचं टोकन एखाद्यानं आधीच पाहून ठेवलं असेल, तर लॉगिननंतर त्याला त्याच टोकनावर आत शिरता येईल. शेवटी सर्व्हरनं ‘हा ग्राहक आत आहे’ अशी नोंद केली आणि उत्तर पाठवायला घेतलं. थोडक्यात, काकांचं लॉगिन यशस्वी झालं होतं.

तेवढ्यात काकांनी दुसऱ्यांदा बटण दाबलं. ब्राउझरच्या दृष्टीनं हा नवा हुकूम. पहिल्या मागणीच्या उत्तराची वाट पाहणं त्यानं सोडून दिलं आणि तोच फॉर्म, त्याच दडवलेल्या क्रमांकासह पुन्हा पाठवला. सर्व्हरनं पाहिलं, तर क्रमांक वापरून झालेला. एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा येणं हे कुणीतरी मधल्यामध्ये मागणी पकडून परत पाठवत असल्याचंही लक्षण असू शकतं. त्यामुळे सर्व्हरनं दार लावून घेतलं आणि चुकीच्या सगळ्या प्रकारांसाठी ठेवलेला एकच निरोप धाडला: सेशन संपलं आहे. ब्राउझरनं दुसऱ्या मागणीचं उत्तर तेवढं दाखवलं. पहिलं, यशाचं उत्तर वाटेतच टाकून दिलं गेलं.

तिसऱ्या निरोपाचं मूळही इथेच आहे. सर्व्हरच्या वहीत काका आत असल्याची नोंद शाबूत होती, पण त्या नोंदीचं टोकन काकांच्या ब्राउझरला वापरता येत नव्हतं. बहुतेक बँका एका ग्राहकाला एका वेळी एकच सेशन देतात. म्हणून नवा प्रयत्न होताच ‘तुम्ही आधीच आत आहात’ असं उत्तर आलं. काही बँका अशा वेळी जुनं सेशन बंद करायचा पर्याय देतात. तो नसेल, तर निष्क्रियतेची मुदत भरून ती बेवारस नोंद आपोआप खोडली जाईपर्यंत थांबणं एवढंच हाती उरतं. लॉगआउट न करता टॅब बंद करणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो, कारण टॅब बंद झाल्याचं सर्व्हरला सहसा कळतच नाही.

अशी तक्रार घेऊन शाखेत गेलं, की संवाद साधारण असा होतो.

“काका, लॉगिनचं बटण एकदाच दाबलंत ना?”

“एकदा दाबून काही होईना, म्हणून दुसऱ्यांदा दाबलं. आता यंत्राला एकदा सांगून कळत नसेल, तर माणसानं करायचं काय?”

काकांच्या रागाला आधार आहे. विंडोजवर फोल्डर उघडायला दोनदा क्लिक करायचं आणि वेबपानावरचं बटण दाबायला एकदाच, हा भेद कुणी त्यांना शिकवलेला नसतो. विंडोज अर्ध्या सेकंदाच्या आत झालेल्या दोन क्लिकना एक डबल क्लिक धरतं. वेबपान मात्र त्यांना दोन स्वतंत्र हुकूम समजू शकतं. शिवाय दोन हुकूम जायला दोन क्लिकच लागतात असंही नाही. पासवर्ड लिहून एंटर मारलं आणि सवयीनं बटणही दाबलं, तरी फॉर्म दोनदा जातो. काही पासवर्ड मॅनेजर रकाने भरून फॉर्म स्वतःच पाठवून देतात आणि आपण त्यावर पुन्हा बटण दाबतो. जुन्या माउसच्या बटणाखालचा स्विच झिजला असेल, तर एका दाबाचे दोन क्लिक होतात. हे ओळखायला सोपं आहे: डेस्कटॉपवरचं एखादं आयकॉन एकदाच दाबून निवडायला जावं आणि ते उघडतं, असं वारंवार होत असेल, तर दोष बँकेचा नाही, माउसचा आहे.

दोन टॅबांचाही असाच घोटाळा आहे. एकाच ब्राउझरच्या सगळ्या टॅबमध्ये कुकी सामायिक असते. लॉगिनचं पान एका टॅबमध्ये उघडं असताना ते दुसऱ्या टॅबमध्ये उघडलं, तर बऱ्याच साइटवर नवं टोकन जुन्याच्या जागी बसतं आणि पहिल्या टॅबमधलं पान दिसायला धडधाकट असलं तरी बाद झालेलं असतं. बॅक बटण दाबून लॉगिनच्या पानावर परत जाणाऱ्यांचंही हेच होतं.

राहता राहिली पॉप-अपची गोष्ट. पॉप-अप जाहिरातीसाठीचा प्रोग्राम लिहिणारे ईथन झुकरमन हे गृहस्थ 1990च्या दशकात ट्रायपॉड नावाच्या कंपनीत होते आणि त्याबद्दल त्यांनी 2014 साली जाहीर माफीही मागितली. तोवर या जाहिरातींनी लोकांना इतकं पिडलं होतं, की ब्राउझरांना पॉप-अप अडवायची सोय द्यावी लागली. मोझिलात ती 2002च्या सुमारास होती. मायक्रोसॉफ्टनं ती 2004 साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमधून इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आणली. पण त्याच काळात बऱ्याच बँकांनी लॉगिनचं पान वेगळ्या खिडकीत उघडायचा रिवाज पाडला होता. त्या खिडकीला बॅकचं बटण नसायचं, ग्राहक भलतीकडे जाऊ शकत नसे, म्हणून बँकांना ती सोयीची वाटे. व्यावसायिक खात्यांच्या काही साइटवर आणि पैसे भरताना मधेच उघडणाऱ्या पानांवर ही पद्धत अजून दिसते.

ब्राउझर प्रत्येक नवी खिडकी अडवत नाही. माणसानं स्वतः क्लिक केल्यामुळे ती उघडत असेल, तर जाऊ देतो. पण क्लिकची ही पुण्याई फार टिकत नाही. क्रोममध्ये ती सुमारे पाच सेकंदांत संपते. आता एखाद्या बँकेचं पान क्लिक झाल्यावर आधी सर्व्हरकडून काहीतरी विचारून घेतं आणि उत्तर आल्यावर खिडकी उघडतं, असं धरा. नेट वेगवान असेल तर सेकंदात काम होतं आणि खिडकी उघडते. नेट रेंगाळलं, उत्तराला सहा सेकंद लागले, की ब्राउझरला वाटतं ही खिडकी कुणी मागितलेलीच नाही, आणि तो ती दाबून टाकतो. त्यामुळे ऑफिसात बिनबोभाट चालणारी साइट गावच्या घरी रात्री चालत नाही आणि सेटिंग दोन्हीकडे तेच असतं.

खिडकी उघडली नाही, पण तिच्यासाठीचं टोकन सर्व्हरनं देऊन टाकलेलं असतं. मूळ पान ‘कृपया थांबा’ म्हणत चाकं फिरवत राहतं आणि कधीच उघडू न शकणाऱ्या खिडकीची वाट पाहतं. काही मिनिटांनी निष्क्रियतेची मुदत भरते आणि अखेर तोच तो निरोप येतो. वाचणाऱ्याला वाटतं, वेळ संपली. खरं कारण पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला उमटलेल्या छोट्याशा चिन्हात असतं, जिकडे कुणाचं लक्ष जात नाही. क्रोममध्ये तिथे `Pop-ups blocked` असं लिहून येतं. त्यावर क्लिक करून फक्त त्या बँकेच्या साइटला परवानगी देता येते. सगळ्याच साइटना पॉप-अपची मोकळीक देऊ नये. परवानगी देण्याआधी पत्ता वाचावा. रिझर्व्ह बँकेनं सर्व बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत `.bank.in` या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, तेव्हा भारतीय बँकेच्या पत्त्याचा शेवट आता तसा दिसायला हवा. जुन्या पत्त्याला दिलेली पॉप-अपची परवानगी नव्या पत्त्याला आपोआप लागू होत नाही, हेही ध्यानात असू द्यावं.

तेव्हा निरोप काय आला यापेक्षा तो केव्हा आला, हे बघणं उपयोगी ठरतं. पान उघडून काही मिनिटं गेली होती आणि बटण दाबताच निरोप आला, तर निष्क्रियतेचं घड्याळ. पान ताजं होतं आणि बटण दाबल्यावर लगेच निरोप आला, तर फॉर्म दोनदा गेला किंवा दोन टॅब उघडे होते. बटण दाबल्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं आणि बऱ्याच वेळानं निरोप आला, तर अडवलेली खिडकी. तिन्हींवर उपाय वेगळे असले, तरी एक गोष्ट समान: त्याच पानावर पुन्हा खटपट करू नये. टॅब बंद करून बँकेचा पत्ता स्वतः टाइप करावा आणि नव्या पानापासून सुरुवात करावी. ‘आधीच लॉगिन आहे’ असा निरोप आला, तर दहा-पंधरा मिनिटं थांबावं. थांबूनही तोच निरोप येत राहिला, किंवा आत गेल्यावर ‘शेवटचं लॉगिन’ म्हणून आपण न केलेली वेळ दिसली, तर मात्र तो साधा घोळ नव्हे. लगेच बँकेच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून नेट बँकिंग बंद करायला सांगावं.

या सगळ्यात ग्राहकानं सांभाळून राहावं हे ठीक, पण बराचसा भार बँकेनं उचलायचा आहे आणि तो काही डोंगराएवढा नाही. एकदा दाबलेलं बटण उत्तर येईपर्यंत निष्क्रिय करायला प्रोग्रामची एखादी ओळ पुरते. वेबपानं सर्वांना वापरता यावीत यासाठीचा जो आंतरराष्ट्रीय दंडक 2008 पासून आहे, त्याच्या अगदी पहिल्या पायरीवरच म्हटलं आहे, की वेळ संपण्याआधी वापरणाऱ्याला सावध करावं आणि साध्या कृतीनं मुदत वाढवून घ्यायला किमान 20 सेकंद द्यावेत. फॉर्म दोनदा आला आहे, खिडकी अडवली गेली आहे, वेळ संपली आहे, असे तीन वेगळे निरोप लिहायलाही फारसा खर्च येत नाही. डायरी हाताशी घेऊन बसणाऱ्या साठीच्या खजिनदाराला एकाच वाक्यात तिन्ही गोष्टी ओळखायला लावणं हा निव्वळ आळस आहे.

तक्रार करायची झाली, तर ‘साइट चालत नाही’ एवढंच लिहून भागत नाही. तारीख, मिनिटापर्यंतची वेळ, ब्राउझरचं नाव, निरोपाचे नेमके शब्द आणि तो बटण दाबल्यावर किती वेळानं आला, हे लिहावं. बँकेच्या संगणक विभागाला त्यावरून आपली नोंद शोधता येते. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` या पत्त्यावर विनाशुल्क तक्रार नोंदवता येते.